भेंड्या, मांडव आणि हरवलेला बिट

शाळेच्या सहलीची बस घाटातल्या बोगद्यात शिरली की गाण्यांच्या भेंड्या थांबायच्या नाहीत, फक्त ऐकू यायच्या बंद व्हायच्या. पुढच्या सीटवरच्या मुलींनी कोणतं गाणं म्हटलं ते मागच्यांना कळायचं नाही. पण बोगदा संपेपर्यंत दुसऱ्या गटाने ‘म’चं गाणं सुरू केलेलं असायचं. तेवढ्यावरून समजायचं, की न ऐकलेलं गाणं ‘म’वर संपलं होतं. गाणं हुकलं, तरी त्याची खूण पुढच्या गाण्यात उरलेली असायची.

यंत्रांच्या निरोपांत अशी खूण आपोआप उरत नाही. तिथे सगळं ० आणि १ या दोनच चिन्हांत चालतं. अशा एका चिन्हाला बिट म्हणतात. वाटेत गोंगाट झाला की १ चा ० होतो किंवा ० चा १. घेणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही, कारण बदललेला बिटही दिसायला बिटच असतो. ‘कमळ’चं ‘कमक’ झालं तर आपल्याला खटकतं. पण १०११ चं १००१ झालं तर त्यात खटकण्यासारखं काही नसतं.

सर्वांना सुचणारा उपाय म्हणजे प्रत्येक बिट दोनदा पाठवणं. ० साठी ०० आणि १ साठी ११. मग घेणाऱ्याला १० मिळालं तर काहीतरी बिघडलंय एवढं कळतं, पण मुळात ०० होतं की ११ हे कळायला मार्ग नसतो. खर्च दुप्पट आणि दुरुस्ती शून्य! तीनदा पाठवलं तर बहुमताने एक चूक सुधारता येते, पण मग खर्च तिप्पट.

एमआयटीतल्या पीटर इलायस यांनी १९५५ साली यातून वेगळी वाट काढली. एका बिटामागे दोनच बिट खर्च करायचे, पण ते दोन्ही त्या एकट्या बिटावर बेतायचे नाहीत, मागच्या बिटांनाही त्यांत मिसळायचं. अशा पद्धतीला कन्व्होल्यूशनल कोड म्हणतात. नाव भारदस्त आहे, यंत्र मात्र इतकं साधं की त्याचं काम कागदावर करून बघता येतं. तेच करू.

एक छोटं कपाट डोळ्यांसमोर आणा. त्याला दोनच खण आहेत. पहिल्या खणात मागचा बिट, दुसऱ्यात त्याच्याही मागचा. नवा बिट आला की यंत्र दोन उत्तरं बाहेर टाकतं. पहिल्या उत्तरासाठी ते नवा बिट आणि दोन्ही खण, अशा तिघांतले १ मोजतं. संख्या विषम असेल तर उत्तर १, सम असेल तर ०. दुसऱ्या उत्तरासाठी मधला खण सोडून फक्त नवा बिट आणि दुसरा खण बघायचा, नियम तोच. मग सगळे एक घर सरकतात: नवा बिट पहिल्या खणात, पहिल्यातला दुसऱ्यात, आणि दुसऱ्यातला कायमचा बाहेर.

आपला निरोप १०११ आहे असं धरू. शेवटी दोन शून्यं जोडायची, म्हणजे कपाट पुन्हा रिकामं होतं. सुरुवातीला दोन्ही खणांत ० आहे. पहिला १ आला: दोन्ही उत्तरं १, म्हणून ११ बाहेर पडले. नंतर ० आला, पण पहिल्या खणात आता १ बसलाय. तिघांत एक १, म्हणून पहिलं उत्तर १. दुसऱ्या उत्तरात मधला खण मोजायचाच नाही, म्हणून ०. बाहेर पडले १०. तिसऱ्या वेळी नवा बिट १ आणि दुसऱ्या खणातही १: दोन्हीकडे संख्या सम, म्हणून ००. असं करत शेवटपर्यंत गेलं की ही पट्टी तयार होते:

११ १० ०० ०१ ०१ ११

चौथ्या बिटाकडे नीट बघा, पुढे तोच आपला नायक होणार आहे. तो १ आहे. त्याचा परिणाम चौथ्या जोडीत तर आहेच, पण पाचव्या जोडीच्या वेळी तो पहिल्या खणात बसलेला होता आणि सहाव्या जोडीच्या वेळी दुसऱ्या. म्हणजे हा एक बिट तीन जोड्यांत विरघळला आहे. कोडरची स्मृती म्हणतात ती एवढीच.

आता गोंगाट होऊ द्या. दुसऱ्या जोडीतला पहिला बिट आणि चौथ्या जोडीतला दुसरा बिट उलटला. घेणाऱ्याच्या हाती पडलं ते असं:

११ ०० ०० ०० ०१ ११

मधे सहा शून्यं सलग! नुसत्या डोळ्यांनी बघणारा म्हणेल, मधे काही पाठवलंच नव्हतं.

मूळ निरोप शोधायचा सरळ मार्ग म्हणजे चार बिटांचे सगळे सोळा निरोप घ्यायचे, प्रत्येकाची पट्टी बनवायची आणि मिळालेल्या पट्टीशी सर्वांत कमी जागी फरक पडतो तो निवडायचा. सोळांना हे जमतं. पण निरोप एका बिटाने लांबला की यादी दुप्पट होते, आणि शंभर बिटांपर्यंत जाईतो जगातला कुठलाही संगणक हात टेकतो.

यातून सुटका झाली ती १९६७ साली. अँड्र्यू व्हिटर्बी इटलीतल्या बर्गामोचे. १९३९ मध्ये, ते लहान असतानाच, त्यांचं ज्यू कुटुंब अमेरिकेला निघून गेलं. पुढे त्यांनी नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत काम केलं आणि मग लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात शिकवू लागले. त्यांच्या त्या वर्षीच्या लेखाचा मुख्य विषय होता अशा कोडमध्ये चुकीची शक्यता किती राहते याची गणिती मर्यादा. उकलण्याची रीत त्या सिद्धतेची सोय म्हणून आलेली होती. तीच रीत सर्वोत्तम आहे, तिच्याहून चांगला अंदाज बांधताच येत नाही, हे डेव्हिड फॉर्नी यांनी दाखवून दिलं. तिचं चित्रही त्यांनीच काढलं आणि त्याला नाव दिलं ट्रेलिस. ट्रेलिस म्हणजे वेल चढवायची जाळी. आपल्याकडे कारल्याला किंवा द्राक्षाला घालतात तो मांडव म्हणा. झाडाच्या फांद्या फुटत जातात आणि पुन्हा भेटत नाहीत, मांडवावर मात्र वेलाची टोकं फिरून त्याच त्याच गाठींवर येतात. सगळी गंमत या पुन्हा भेटण्यात आहे.

आपल्या कपाटाचे दोन खण चारच प्रकारे भरलेले असू शकतात: ००, १०, ०१, ११. ही चार घरं. प्रत्येक घरातून दोन वाटा निघतात, नवा बिट ० असला तर एक आणि १ असला तर दुसरी:

घर ००: ० आला तर बाहेर ००, पुढचं घर ००, १ आला तर बाहेर ११, पुढचं घर १०.
घर १०: ० आला तर बाहेर १०, पुढचं घर ०१, १ आला तर बाहेर ०१, पुढचं घर ११.
घर ०१: ० आला तर बाहेर ११, पुढचं घर ००, १ आला तर बाहेर ००, पुढचं घर १०.
घर ११: ० आला तर बाहेर ०१, पुढचं घर ०१, १ आला तर बाहेर १०, पुढचं घर ११.

चार ओळींत सगळा मांडव आला. आता घर ०० मधून निघायचं. प्रत्येक पावलाला, या वाटेने बाहेर पडायला हवी होती ती जोडी आणि प्रत्यक्ष मिळालेली जोडी यांत जितक्या जागी फरक, तितका दंड भरायचा. आणि व्हिटर्बींची युक्ती अशी: दोन वाटा एकाच घरात येऊन भेटल्या, की जिचा दंड जास्त ती तिथेच खुडून टाकायची.

खुडलेली वाट पुढे जाऊन जिंकली असती तर? तसं होऊच शकत नाही. यंत्र पुढे काय बाहेर टाकेल ते फक्त खणांत आत्ता काय आहे त्यावर ठरतं. एका घरात भेटलेल्या दोन वाटांपुढचा रस्ता शब्दशः एकच असतो आणि पुढे दोघींना सारखाच दंड भरावा लागतो. आज मागे पडलेली उद्या पुढे येणार कुठून? यंत्राची स्मृती तोकडी आहे, दोन बिटांपलीकडचं त्याला काही आठवत नाही, म्हणूनच हे खुडणं निर्धोक ठरतं.

चालून बघू. पहिल्या जोडीनंतर घर ०० चा दंड २ आणि घर १० चा ०. दुसऱ्या जोडीनंतर चारही घरं भरतात: ०० वर २, १० वर ४, ०१ वर १, ११ वर १. खरी वाट या वेळी ०१ मध्ये आहे आणि तिने आपल्या वाट्याची पहिली चूक भरलेली आहे. तिसऱ्या जोडीपासून दोन-दोन वाटा एका घरात यायला लागतात आणि खुडणी सुरू होते. उरलेले दंड: ०० वर २, १० वर १, ०१ वर २, ११ वर २. इथवर खरी वाट, जी आता १० मध्ये आहे, एकाने पुढे आहे.

चौथी जोडी येते, बिघडलेली. आणि चारही घरांवर दंड होतो दोन. चौघेही बरोबरीत! घर ०० मधला दावेदार म्हणतो निरोप ०००० होता, १० मधला म्हणतो ११०१, ०१ मधला म्हणतो १०१०, आणि ११ मधला म्हणतो १०११. या क्षणी कौल मागितला तर डीकोडरला नाणं उडवण्यापलीकडे काही करता येणार नाही.

तो कौल देत नाही, थांबतो. पाचवी जोडी ०१ येते. निरोप संपलेला असल्याने आता नवा बिट ० च असणार हे दोन्ही बाजूंना ठाऊक आहे, म्हणून फक्त ०० आणि ०१ या दोन घरांत जाता येतं. घर ०० मध्ये जो कोणी पोचेल त्याचा दंड ३. घर ०१ मध्ये ११ वरून येणाऱ्याला काहीच भरावं लागत नाही, त्याचा दंड २ वरच राहतो. तिथेच १० वरून येणारा ४ वर जाऊन खुडला जातो. शेवटची जोडी ११. घर ०१ मधून ०० कडे जाताना नेमकं ११ च बाहेर पडतं, त्यामुळे दंड पुन्हा वाढत नाही. दुसरी वाट ५ वर संपते. जिंकलेल्या वाटेवरून उलट चालत गेलं की निरोप मिळतो: १०११. दोन्ही चुका गेल्या, आणि चुका दोनच होत्या हेही जिंकणाऱ्याच्या दंडातून कळलं.

चौथ्या बिटाची स्वतःची जोडी खराब झाली होती. त्याला वाचवलं ते पाचव्या आणि सहाव्या जोडीने, म्हणजे तो खणांत बसून होता त्या दोन पावलांनी. बोगद्यात हुकलेलं गाणं पुढच्या गाण्यावरून कळावं तसंच.

हे नशिबाने घडलेलं नाही. या कोडमध्ये कोणतेही दोन वेगळे निरोप घ्या, त्यांच्या पट्ट्या निदान पाच जागी वेगळ्या असतातच. एकदा फुटलेल्या वाटा तीन पावलांच्या आत पुन्हा भेटूच शकत नाहीत, कारण वेगळा बिट खणांतून बाहेर पडायलाच तेवढा वेळ लागतो, आणि तेवढ्यात पाच फरक साठतात. पाचाचं अंतर असलं की दोन चुकांनंतरही खरा निरोप जवळ राहतो आणि दुसरा लांब. दोनदा पाठवण्याच्या भोळ्या पद्धतीत हेच अंतर दोन होतं. खर्च दोन्हीकडे तोच, एका बिटाला दोन. फरक फक्त दोन खणांचा. खण सहा केले आणि जोडणी नीट निवडली तर अंतर दहापर्यंत जातं, खर्च तरीही तेवढाच.

‘नीट निवडली तर’ हे मुद्दाम म्हटलं. समजा पहिलं उत्तर नवा बिट आणि पहिला खण यांवरून काढलं, आणि दुसरं नवा बिट आणि दुसरा खण यांवरून. दिसायला ठीक वाटतं. आता या यंत्रात सतत १ घालत राहा: बाहेर ११, मग ०१, आणि त्यानंतर अखंड ००. म्हणजे अंतहीन १ आणि अंतहीन ० या दोन निरोपांत फरक अवघ्या तीन जागी. त्या तिघांतल्या दोन उलटल्या की डीकोडर सगळा निरोप ० धरून बसतो आणि मग कधीच सावरत नाही. दोन चुकांपायी हजारो चुका. अभियंते अशा जोडणीला अनर्थकारी म्हणतात, आणि त्यात अतिशयोक्ती नाही.

सहा खणांचा, म्हणजे चौसष्ट घरांचा कोड हा या कुळातला कर्ता पुरुष. १९७७ मध्ये निघालेली दोन्ही व्हॉयेजर यानं तोच वापरतात. यानावर फक्त खण आणि मोजणी, जवळपास फुकटातलं काम. मांडव चालण्याची सगळी मेहनत पृथ्वीवर. अंतराळयानाला याहून सोयीची वाटणी कुठली?

तोच कोड आपल्या नाविक उपग्रहांवरही आहे. इस्रोची ही दिशादर्शन यंत्रणा सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवरून सेकंदाला २५ बिट या बैलगाडीच्या चालीने आपली माहिती सांगते, आणि कोड लावल्यावर त्यांची ५० चिन्हं होतात. एका तुकड्यात २९२ बिट असतात. त्यांतले शेवटचे सहा खण रिकामे करणारी शून्यं, आपल्या दोन शून्यांसारखी. उरलेल्या २८६ बिटांचे शक्य निरोप लिहायचे तर ती संख्या ८७ आकडी होईल. मांडवावर मात्र ६४ घरं, प्रत्येकातून दोन वाटा आणि २९२ पावलं: सदतीस हजारांच्या आसपास बेरजा. हे काम खिशातल्या फोनची चिप सहज उरकते.

खऱ्या डीकोडरमध्ये एक सुधारणा असते, जी आपण कागदावर टाळली. आलेला बिट ० की १ एवढंच न बघता तो किती ठामपणे ० किंवा १ वाटतो हेही नोंदवायचं, आणि दंड त्या प्रमाणात लावायचा. धूसर आलेल्या बिटाशी मतभेद झाला तर दंड थोडा, स्पष्ट आलेल्याशी झाला तर जास्त. एवढ्याने सुमारे दोन डेसिबलचा फायदा होतो. म्हणजे तेवढ्याच अचूकतेसाठी प्रक्षेपकाची ताकद ६३ टक्क्यांच्या आसपास पुरते.

या सगळ्याला एक दुखरी बाजू आहे. मांडव विखुरलेल्या चुका झेलतो, सलग चुकांपुढे मात्र कोलमडतो. बिटाची खूण ज्या दोन-तीन किंवा सहा-सात जोड्यांत असते त्या सगळ्याच बिघडल्या तर वाचवायला कोण उरलं? आणि डीकोडर चुकतो तेव्हाही एकट्या बिटाने चुकत नाही. तो चुकीच्या वाटेला लागतो आणि ती वाट खऱ्या वाटेला पुन्हा भेटेपर्यंत घोळक्याने चुका करतो. म्हणून नाविकमध्ये कोड लावलेली ५८४ चिन्हं पाठवण्याआधी ८ ओळी आणि ७३ स्तंभांच्या तक्त्यात उभी लिहितात आणि आडवी वाचतात. वाटेत सलग चार चिन्हं खराब झाली, तरी तक्ता उलटा वाचल्यावर ती एकमेकांपासून आठ-आठ चिन्हांवर विखुरतात. शिवाय प्रत्येक तुकड्यात २४ तपासणी बिट असतात. मांडवाने दिलेलं उत्तर त्यांच्याशी जुळलं नाही, तर तो तुकडा टाकून द्यायचा आणि पुढच्याची वाट बघायची.

मग खण वाढवतच का नाही? कारण प्रत्येक खणाबरोबर घरं दुप्पट होतात. गॅलिलिओ यानासाठी चौदा खणांचा कोड योजला होता. त्याच्या १६,३८४ घरांसाठी जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीला खास यंत्र बांधावं लागलं. १९९३ मध्ये फ्रान्समधल्या क्लोद बेरू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठ्या मांडवाचा नाद सोडून दोन छोटे मांडव घेतले आणि त्यांना एकमेकांची उत्तरं तपासायला लावलं. ते टर्बो कोड, त्यांची गोष्ट निराळी.

जाता जाता एक पट्टी तुमच्यासाठी. कोड आपलाच, दोन खणांचा. निरोप चार बिटांचा आणि शेवटी दोन शून्यं. वाटेत दोन बिट उलटले आहेत, कोणते ते सांगत नाही:

१० ०१ ०१ १० १० ११

वरच्या चार ओळी शेजारी ठेवा, प्रत्येक घरावर पेन्सिलीने दंड लिहीत जा आणि जास्तीच्या वाटा खुडत जा. शेवटच्या घरात दंड दोन निघाला तर तुमचं उत्तर बरोबर आहे.